कर्मचारी पुस्तिकेतील व्यवस्थापकीय संचालकांचे स्वागतपत्र : उपदेश न वाटता मूल्ये कशी मांडावीत?

मकरपुरावासी (धागाकर्ती)

नमस्कार. मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळते. आम्ही वाफेच्या आणि पाण्याच्या लाइनसाठी औद्योगिक वाल्व्ह बनवतो. पटावर साधारण एकशे चाळीस माणसे आहेत. आजवर नियम नोटीस बोर्डावरूनच कळत असत, आता प्रथमच कर्मचारी पुस्तिका छापली जाणार आहे. रजा, हजेरी, उत्पादन भत्ता, गणवेश, तक्रार या सर्वांची पाने तयार आहेत. अडले आहे ते पहिल्याच पानावर, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांच्या स्वागतपत्रावर. साहेब दुसऱ्या पिढीतले असून घरची भाषा मराठी आहे, त्यामुळे त्यांनी मजकूर मराठीतच सांगितला. तो मंजूर झाला की गुजराती आणि हिंदी प्रती निघतील. त्यांचा मसुदा असा आहे :

> आपले आमच्या परिवारात हार्दिक स्वागत आहे. प्रामाणिकपणा, गुणवत्ता, शिस्त आणि परस्पर आदर ही आपल्या संस्थेची चार चाके आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याने कंपनीला स्वतःचे घर समजून काम करावे, वेळेचे महत्त्व ओळखावे आणि गुणवत्तेशी कधीही तडजोड करू नये. येथे बढती केवळ कर्तृत्वावर मिळते. चला, आपण सर्व मिळून यशाचे नवे शिखर गाठू या.

यातले एकही वाक्य खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. तरीही हिशेब विभागातील एका सहकाऱ्याने ते वाचून, शाळेत प्रार्थना संपल्यावर मुख्याध्यापक बोलत असत तसे वाटते, असे म्हटले, आणि मला ते पटले. साहेबांचा मान राखून हा मजकूर कसा बदलावा?

दांडियाबाजारकर

अभिनंदन. नव्या माणसाचे स्वागत करण्याची पद्धत आपल्याकडे उरलेलीच नाही. माझी सूचना अशी की साहेबांनी पहिल्या दिवशी स्वतः उपस्थित राहून पाच मिनिटे बोलावे, गुलाबपुष्प द्यावे आणि भाषणाची सुरुवात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या स्मरणाने करावी. बडोद्यात बसून मूल्यांविषयी बोलायचे आणि महाराजांचे नाव घ्यायचे नाही, हे बरे दिसत नाही.

मकरपुरावासी

धन्यवाद काका, परंतु प्रश्न भाषणाचा नसून छापील पानाचा आहे. ते पान माणसाच्या हाती वर्षानुवर्षे राहणार आहे, आणि साहेब समोर नसताना वाचले जाणार आहे.

जुनापर्सोनेल

मी पर्सोनेल खात्यात आयुष्य काढले आहे आणि अशी बरीच पत्रे इतरांच्या सहीसाठी लिहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मसुद्यातील क्रियापदे पाहा. समजून काम करावे, ओळखावे, तडजोड करू नये. लिहिणारा स्वतः कुठल्याच वाक्यात बांधला गेलेला नाही, बांधला गेला आहे तो फक्त वाचणारा. उपदेशाचा वास येतो तो इथून. शब्द जड आहेत की हलके, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. हेच वाक्य फिरवून, गुणवत्तेसाठी मी काय सोडले आहे आणि पुढेही सोडेन, असे साहेबांनी लिहिले, तर सूर आपोआप बदलतो, कारण वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल असे काहीतरी हाती लागते.

दुसरे असे की 'प्रामाणिकपणा' या शब्दातून नव्या माणसाला काहीच कळत नाही, कारण आम्ही अप्रामाणिक आहोत असे लिहिणारी कंपनी अस्तित्वात नाही. कळते ते क्रमावरून. जॉन्सन अँड जॉन्सनचे १९४३ सालचे निवेदन आजही दाखल्यादाखल सांगितले जाते, ते त्यातील शब्दांच्या थोरवीमुळे नव्हे. त्यात आधी औषधे वापरणारे रुग्ण व डॉक्टर, मग कर्मचारी, मग समाज आणि सर्वांत शेवटी भागधारक, असा क्रम उघड लिहिलेला आहे. १९८२ साली अमेरिकेत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी विष मिसळल्याने माणसे दगावली, तेव्हा त्यांनी देशभरातील बाटल्या बाजारातून परत घेतल्या. त्यांची पुढची सगळी वाटचाल निष्कलंक होती असे मी म्हणत नाही, परंतु त्या दिवशी कोणते नुकसान आधी सोसायचे हे कागदावर आधीच लिहिलेले होते.

म्हणून आपण साहेबांना मूल्ये विचारूच नका. मागील चार-पाच वर्षांत कंपनीने पैसा, वेळ किंवा गिऱ्हाईक सोडून केलेल्या दोन-तीन गोष्टी विचारा आणि त्या इथे लिहा. मग पत्र आपोआप तयार होईल.

दांडियाबाजारकर, महाराजांचा उल्लेख मला अस्थानी वाटत नाही, पण तो याच कारणासाठी. शिक्षण फार महत्त्वाचे आहे असे सांगून ते थांबले नाहीत. १९०६ साली त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि सक्ती म्हणजे मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. मूल्यामागे व्यवस्था होती.

कलमबहाद्दर

जुनापर्सोनेल यांचा सल्ला ऐकायला गोड, पण धोक्याचा आहे. पुस्तिकेतील प्रत्येक ठोस वाक्य उद्या कामगार न्यायालयात तुमच्याविरुद्ध वाचून दाखवले जाईल. "पुढेही सोडेन" हे वचन झाले. म्हणून स्वागतपत्र जाणूनबुजून गुळमुळीत ठेवावे आणि खाली, या पुस्तिकेतील मजकुरामुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे ठळक अक्षरांत छापावे. मोठ्या कंपन्या असेच करतात.

जुनापर्सोनेल

अर्धे खरे आहे. "येथे काम करणाऱ्याची नोकरी कायम सुरक्षित आहे" यासारखे वाक्य लिहू नये, हे मान्य. परंतु कंपनीला प्रमाणित स्थायी आदेश, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने मंजूर केलेले नोकरीच्या अटींचे नियम, लागू असतील, तर बडतर्फी, निलंबन, रजा, पाळी या बाबी त्यांनुसारच चालतात, आणि त्यांच्याशी विसंगत असे काही पुस्तिकेत लिहिले तर ते टिकत नाही. त्यामुळे कुठलाही हक्क निर्माण होत नाही, असे सरसकट छापून फार काही साधत नाही. घडून गेलेल्या गोष्टीचे वर्णन करणे आणि भविष्याची हमी देणे यांत फरक आहे. मी मघाशी "पुढेही सोडेन" असे लिहिले ते मागे घेतो. काय केले एवढेच लिहावे, पुढचे वाचणारा समजून घेतो. कायदेशीर खुलासा हवाच असेल तर तो पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जावा. "आपले स्वागत आहे, मात्र आपला कोणताही हक्क नाही" असे एकाच पानावर वाचणाऱ्याच्या मनात काय येईल, याचा विचार करा.

सावलीचा_फिटर

मी वडोदऱ्याजवळच्या सावली गावाच्या बाजूला एका कारखान्यात फिटर आहे. आमच्या पुस्तिकेतही पहिल्या पानावर परिवार होता. मंदी आली तेव्हा त्या परिवारातून बावीस जण एका सोमवारी कमी झाले, आणि गेटवर आमची ओळखपत्रे जमा करून घेणाऱ्या सुपरवायझरला आमच्या नजरेला नजर देता येईना. मी राहिलो, पण तेव्हापासून मी ते पान उघडलेले नाही. माणसे कमी करावी लागतात हे मला समजते. मग परिवार म्हणू नये. पगार वेळेवर देणारी कंपनी म्हणावे, ते पुष्कळ झाले.

शिवाय आमच्यापैकी कुणीही पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी ओव्हरटाइमचे पान, मग लेट मार्कचे, मग रजेचे. पहिले पान वाचलेच तर ते या पानांशी ताडून पाहतो.

कोयनाकाठ

परिवारापेक्षा मूल्यांच्या यादीचा इतिहास अधिक बोलका आहे. दाभोळमुळे आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या एन्रॉनने जुलै २००० मध्ये चौसष्ट पानांची नीतिसंहिता काढली. अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना होती, आणि आदर, सचोटी, संवाद व उत्कृष्टता ही त्यांची चार मूल्ये होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तुमच्या साहेबांची चार चाके आणि त्यांची चार मूल्ये शेजारी ठेवून पाहा. दोन तर सारखीच आहेत. माझे मत असे की स्वागतपत्र काढूनच टाकावे आणि पुस्तिका सरळ हजेरीच्या नियमांपासून सुरू करावी.

मकरपुरावासी

सर्वांचे आभार. पत्र काढून टाकणे माझ्या हातात नाही. जुनापर्सोनेल यांच्या सांगण्यानुसार मी साहेबांशी बोलले. प्रश्न ऐकून ते प्रथम गोंधळले, मग बराच वेळ बोलत राहिले. त्यातल्या तीन गोष्टी लिहिते.

पहिली, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हाची. शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि अर्ध्याहून अधिक माणसे येऊ शकली नाहीत. त्या दिवसांचा पगार कुणाचाही कापला नाही, रजाही मांडली नाही, आणि कंत्राटी कामगारांनाही तोच नियम लावला.

दुसरी, एका ३१ मार्चची. मोठ्या ऑर्डरचा ट्रक गेटवर उभा होता आणि माल निघाला असता तर बिल त्याच आर्थिक वर्षात धरता आले असते. आमच्याकडे प्रत्येक वाल्व्हची पाण्याच्या दाबावर चाचणी होते. बॉडीसाठी नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट दाब चढवून तो धरून ठेवतात, नंतर वाल्व्ह बंद करून सीटमधून, म्हणजे आतली झडप जिथे टेकते त्या जागेतून, पाणी झिरपते का ते पाहतात. त्या लॉटमधील काही गेट वाल्व्हच्या सीटमधून पाणी येत होते. निरीक्षकाने सही केली नाही. साहेबांना फोन गेला. त्यांनी सही करायला सांगितले नाही, ट्रक रिकामा परत पाठवला.

तिसरी बढतीची, आणि इथे मी अडचणीत आहे. खरेदी विभागाचे प्रमुख साहेबांचे पुतणे आहेत. माणूस कामाला चांगला आहे, पण "बढती केवळ कर्तृत्वावर" हे वाक्य वाचून कँटीनमध्ये काय बोलले जाईल ते मला माहीत आहे.

जुनापर्सोनेल

पहिल्या दोन गोष्टींत तुमचे पत्र आहे. असे काहीसे :

> नमस्कार. ही पुस्तिका कामाचे नियम सांगते. नियम जिथे पुरत नाहीत तिथे आम्ही कसे वागतो, हे सांगण्यासाठी हे पान आहे.
>
> चाचणीच्या कागदावर निरीक्षकाची सही असल्याखेरीज आपल्या गेटमधून वाल्व्ह बाहेर जात नाही. एका ३१ मार्चला सीटमधून गळती आढळली म्हणून भरायला आलेला ट्रक आम्ही रिकामा परत पाठवला. ती सही रोखण्याचा अधिकार निरीक्षकाचा आहे, आणि तो वापरल्याबद्दल त्याला माझ्यापुढे खुलासा द्यावा लागत नाही.
>
> ऑगस्ट २०२४ च्या पुरात जे येऊ शकले नाहीत, त्यांचा पगार कापला नाही. त्यात कंत्राटी कामगारही होते.
>
> कामात काही चुकीचे दिसले तर प्रथम आपल्या सुपरवायझरला सांगा. तिथे ऐकले गेले नाही तर माझ्याकडे या. तक्रारीची पद्धत पुढे दिली आहे.

यात 'गुणवत्ता' आणि 'आदर' हे शब्द नाहीत. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ओव्हरटाइमचा दुप्पट दर किंवा लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, यांपैकी काहीही मी या पानावर घेतलेले नाही. ही समिती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यस्थळी २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कायदा जे करायला लावतो ते स्वतःचे मूल्य म्हणून मिरवले की जाणता कामगार मनातल्या मनात हसतो. समितीच्या सदस्यांची नावे मात्र तक्रारीच्या पानावर न विसरता द्या.

सावलीचा_फिटर

पत्र चांगले आहे. मला एकच विचारायचे आहे. त्या ३१ मार्चला ट्रक रिकामा गेला, तेव्हा असेंब्लीवाल्यांच्या मार्चच्या उत्पादन भत्त्याचे काय झाले? तुमचा भत्ता कशावर मोजला जातो?

मकरपुरावासी

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिले आहे की भत्ता त्या महिन्यात गेटबाहेर गेलेल्या नगांवर मोजला जाईल. मी जुनी पत्रके काढून पाहिली. त्या मार्चमध्ये असेंब्लीचा भत्ता जवळजवळ निम्म्यावर आला होता. एप्रिलमध्ये तो लॉट दुरुस्त होऊन गेला, पण भत्त्याला महिन्याची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मार्चचे नुकसान पूर्ण भरून निघाले नाही.

सावलीचा_फिटर

म्हणजे साहेबांचे बिल एका वर्षातून दुसऱ्या वर्षात गेले, आणि फिटरचे पैसे गेले ते गेलेच. ही गोष्ट पहिल्या पानावर छापा, पण असेंब्लीत वाचून दाखवू नका.

जुनापर्सोनेल

फिटरभाऊंनी नेमके बोट ठेवले आहे, आणि माझा मसुदा त्यामुळे अपुरा ठरतो. या नियमाचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. निरीक्षकाने सही रोखली की असेंब्लीतल्या प्रत्येकाच्या खिशाला चाट बसते, म्हणजे महिनाअखेरीस त्याच्यावर दबाव येतो तो साहेबांकडून नव्हे, तर त्याच्या शेजारी जेवायला बसणाऱ्यांकडून. पहिले पान त्याला अधिकार देते आणि अकरावे पान तो वापरू देत नाही. हे खरोखर घडते आहे का, हे पाहायचे असेल तर नाकारलेल्या नगांची नोंदवही काढा. महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत नकार नियमित दिसत असतील आणि शेवटच्या चार-पाच दिवसांत, जेव्हा सर्वाधिक माल तपासला जातो तेव्हा, ते जवळजवळ नाहीसे होत असतील, तर काय समजायचे ते समजा.

उपाय पत्रात नाही, अकराव्या पानावर आहे. भत्ता गेटबाहेर गेलेल्या नगांऐवजी असेंब्लीतून चाचणीसाठी दिलेल्या नगांवर मोजावा. तोवर पत्रात ट्रकची गोष्ट घालू नये.

कलमबहाद्दर

तुम्ही म्हणता तसा भत्ता मोजला तर असेंब्ली कसेही जोडून नग पुढे ढकलेल. नाकारलेल्या नगाचा भत्ता कंपनीने का द्यावा? आणि भत्त्याची पद्धत कामगारांच्या तोट्याची होईल अशा रीतीने बदलायची असेल तर पूर्वसूचना लागते, तेही लक्षात घ्या.

सावलीचा_फिटर

गळती कशामुळे आली त्यावर ते ठरते. कास्टिंगमध्ये पोकळी असेल तर दोष फाउंड्रीचा. बॉडीला बारीक पाझर फुटतो, जोडणारा काय करणार? सीट आणि तिच्यावर बसणारी वेज एकमेकांना घासून बसवायचे लॅपिंग नीट झाले नसेल किंवा आत धातूची बर राहिली असेल, तर मात्र तो आमचा दोष, आणि त्याचा भत्ता मागायला मला तरी लाज वाटेल. चाचणीवाल्याला बहुतेक वेळा पाणी कुठून येते ते पाहून फरक कळतो. कधी कधी नाही कळत.

कोयनाकाठ

कळत नाही तेव्हा कोण ठरवणार? तिथेच भांडण होणार आहे. स्वागतपत्र काढून टाका असे मी म्हणालो होतो; आता म्हणेन की पत्र राहू द्या, निदान त्याच्या निमित्ताने कुणीतरी अकरावे पान वाचले.

दांडियाबाजारकर

पुतण्याचे काय ठरले? एवढ्या चर्चेत तो विषय मागे पडला. माझ्या मते घरच्या माणसाला घेणे यात गैर काही नाही, निम्मे बडोदे तसेच चालते. लपवले की त्रास होतो.

जुनापर्सोनेल

सहमत आहे. दोन मार्ग आहेत. एक, बढतीचे वाक्य काढून टाकावे. दुसरा, उघड लिहावे की कंपनीत मालकांचे नातेवाईक काम करतात आणि त्यांच्याही हजेरीला, रजेला व वार्षिक मूल्यमापनाला हीच पुस्तिका लागू आहे. दुसरा मार्ग मला आवडतो, परंतु ते खरे असेल तरच. पुतणे कार्ड पंच करतात का?

मकरपुरावासी

करत नाहीत.

जुनापर्सोनेल

मग पहिला मार्ग.

मकरपुरावासी

काल साहेबांसमोर सर्व ठेवले. "परिवार" आणि "शिखर" त्यांनी स्वतःच खोडले. "चार चाके" मात्र वडिलांचे शब्द आहेत म्हणून ठेवायची आहेत; शेवटी एका ओळीत, वडिलांचे म्हणून येतील, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. बढतीचे वाक्य काढले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

नोंदवहीही पाहिली. शेवटच्या आठवड्यात नकार कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत. एवढ्यावरून निष्कर्ष काढावा की नाही, याबद्दल चाचणी विभागातच दोन मते आहेत.

भत्त्याबाबत असे ठरते आहे की कास्टिंगच्या दोषामुळे रोखलेला नग ज्या महिन्यात जोडला त्याच महिन्यात धरायचा आणि लॅपिंगचा दोष असेल तर धरायचा नाही. संशयाच्या नगांसाठी निरीक्षक, असेंब्लीचा एक प्रतिनिधी आणि उत्पादन प्रमुख यांनी मिळून ठरवावे असे साहेबांचे म्हणणे आहे, पण उत्पादन प्रमुखांचा स्वतःचा वार्षिक बोनस डिस्पॅचवर आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. ते पान सुधारेपर्यंत छपाई थांबवली आहे.

सावलीचा_फिटर

आधी तेच सांगा. आणि असेंब्लीचा प्रतिनिधी असेंब्लीवाल्यांनाच निवडू द्या.